फ्लोट उणे आला की फॉरवर्ड पास तपास

ऐरोलीच्या गाळ्याच्या बांधकामाचं तुझं वेळापत्रकाचं गणित पाहिलं; फॉरवर्ड पास म्हणजे पहिल्या कामापासून पुढे दिवस मोजत जाणं. खोदकाम ४ दिवस, मग भिंती ६ आणि पाइपलाइन ३ सोबतच, दोन्ही झाल्यावर प्लास्टर ५. तू प्लास्टरचा अर्ली स्टार्ट, म्हणजे लवकरात लवकर सुरू होण्याचा दिवस, ७ लिहिलास, पण भिंती तर १० ला संपतात. बाण एकत्र येतात तिथे मोठा आकडा घ्यायचा. एकूण १५ दिवस. त्या ७ मुळेच भिंतींचा फ्लोट, म्हणजे काम जितके दिवस लांबलं तरी चालतं तो आकडा, उणे ३ आला. मुदत बाहेरून दिलेली नसताना असं होतच नाही.

शेवटापासून उलट येताना खोदकामापाशी भिंतींचा लेट स्टार्ट, म्हणजे उशिरात उशिरा सुरू होण्याचा दिवस, ४ आणि पाइपलाइनचा ७ यांतला लहान, म्हणजे ४ घे. ७ घेतलास तर उणे चिन्ह दिसणार नाही (ही चूक जास्त फसवी), पण खोदकामाला ३ दिवसांचा फ्लोट दिसेल आणि क्रिटिकल पाथ, म्हणजे शून्य फ्लोटच्या कामांची साखळी, मधूनच, भिंतींपासून सुरू होईल. म्हणून पहिल्या कामाचा लेट स्टार्ट शून्य येतोय का ते बघ.