निर्वासित, शरणार्थी आणि 'घुसखोर'

"निर्वासित आणि शरणार्थी समानार्थी आहेत का? आणि असा माणूस सीमेवर आला, तर त्याला आत घेणं त्या राष्ट्राला बंधनकारक असतं का?"

समानार्थी नाहीत. 'निर्वासित' म्हणजे ज्याला वसतीतून घालवलं गेलं तो. हा शब्द मागे काय घडलं ते सांगतो. 'शरणार्थी' म्हणजे शरण मागणारा. हा पुढचं सांगतो. निर्वासितांबाबतचा १९५१ चा जिनिव्हा करारही निर्वासितपण अर्जावर अवलंबून ठेवत नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी रास्त भीती असलेला माणूस देशाबाहेर पडला की निर्वासित होतो. अर्जावरचा शिक्का त्याला निर्वासित करत नाही, तो निर्वासित आहे एवढं मान्य करतो. हिंदीत 'शरणार्थी' दोन्हींसाठी चालतो म्हणून मराठी बातम्यांनीही तो सरसकट उचलावा, हे मला पटत नाही. आपल्याकडे दोन शब्द आहेत, ते वापरावेत.

त्याहून संताप येतो तो 'घुसखोर'चा. 'खोर' हा फारसी प्रत्यय, मूळ अर्थ खाणारा. लाचखोर, भांडखोर, चुगलखोर पाहा: मराठीत तो सवय दाखवतो. जीव वाचवायला एकदा कुंपण ओलांडलेल्या माणसाला सवय कसली चिकटवता? छळाच्या ठिकाणाहून थेट आलेला निर्वासित विनापरवाना शिरला, पण लगेच अधिकाऱ्यांपुढे हजर झाला आणि त्याने योग्य कारण दिलं, तर त्या प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये, असं कराराचं कलम ३१ सांगतं.

आता 'शरण'. जुने वैयाकरण तो 'शॄ' म्हणजे हिंसा करणे या धातूपासून काढतात आणि 'दुःखाचा नाश करणारं ते शरण' असा अर्थ लावतात. मला ही ओढाताण वाटते. तौलनिक अभ्यासक त्याचं नातं 'झाकणे' या अर्थाच्या प्राचीन धातूशी जोडतात, आणि ते अमरकोशाशी जुळतं: 'शरणं गृहरक्षित्रोः'. शरण म्हणजे घर आणि शरण म्हणजे रक्षण करणाराही! 'शरण जाणे' म्हणजे हार मानणे, हा आज पहिल्यांदा सुचणारा अर्थ त्या मानाने उपरा आहे. ग्रीक शब्द 'आसिलॉन' याहून नेमका आहे: 'आ' म्हणजे नाही, 'सिलॉन' म्हणजे पकडून नेण्याचा हक्क. जिथून कुणाला ओढून नेता येत नाही ती जागा. इंग्रजीतला 'असायलम' इथूनच आला.

माझं म्हणणं असं, की सगळा वाद 'शरण' आणि 'आसिलॉन' या दोन शब्दांत मावतो. घराला मालक असतो, आणि कुणाला राहू द्यायचं हे तो ठरवतो. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात आश्रय 'मिळण्याचा' हक्क होता. ब्रिटनच्या सूचनेवरून तो 'उपभोगण्याचा' झाला. म्हणजे आश्रय मागता येतो, मिळाला तर उपभोगता येतो, पण देणं राष्ट्राच्या हातात राहिलं. जिनिव्हा करारातही 'आत घ्या' असं कुठे लिहिलेलं नाही. कलम ३३ म्हणतं, जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे परत ढकलू नका. हे थेट आसिलॉनच! आणि त्यालाही, देशाच्या सुरक्षेला किंवा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरून समाजाला धोका ठरणाऱ्या माणसापुरता, अपवाद आहे.

पण परत ढकलायचं नसेल, तर माणूस तपासणी होईपर्यंत कुठे राहणार? इथे कर्तव्य मागच्या दाराने आत येतं. ६ मे २००९ रोजी इटलीच्या जहाजांनी आपल्या लाम्पेदूसा बेटाच्या दक्षिणेला ३५ सागरी मैलांवर सुमारे २०० जणांना अडवलं आणि नावगाव न विचारता त्रिपोलीत लीबियाच्या हवाली केलं. त्यांतले ११ सोमाली आणि १३ एरिट्रियन युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. २०१२ मध्ये न्यायालयाने इटलीला दोषी ठरवलं: खुल्या समुद्रातही ताबा तुमचा होता, म्हणून प्रत्येकाचं म्हणणं ऐकणं तुमच्यावर बंधनकारक होतं.

त्याच न्यायालयाने २०२० मध्ये स्पेनच्या बाजूने कौल दिला. ऑगस्ट २०१४ मध्ये मोरोक्कोला लागून असलेल्या मेलिया या स्पॅनिश शहराच्या कुंपणावरून जमावासोबत चढून आलेल्या दोघांना तत्काळ मोरोक्कोकडे परत सोपवलं होतं. अधिकृत मार्ग उपलब्ध असताना सबळ कारणाशिवाय तो टाळला, म्हणून वैयक्तिक सुनावणी न मिळाल्याचा दोष स्पेनवर येत नाही, असं न्यायालय म्हणालं. तत्त्व मला मान्य आहे. दार ठेवलं असेल तर दारातून या असं म्हणायचा हक्क राष्ट्राला हवाच. निकाल मात्र खटकतो. बेनी एन्सार चौकीवरचं आश्रय-अर्जांचं कार्यालय उघडलं १ सप्टेंबर २०१४ ला, घटनेनंतर. शिवाय सहाराच्या दक्षिणेकडच्या माणसाला मोरोक्कोच्या बाजूने त्या चौकीपर्यंत पोचणंच जवळपास अशक्य आहे, हा मानवी हक्क संघटनांचा आक्षेप न्यायालयाने पुरेसा मनावर घेतला नाही. पोचता येत नसेल तर ते दार कसलं?

म्हणून बातमीत लिहिताना: अर्ज करून वाट पाहणारा तो शरणार्थी, छळातून सुटून बाहेर पडलेला तो निर्वासित, आणि ज्याचं अजून काहीच तपासलेलं नाही तो विनापरवाना आलेला माणूस. 'खोर' यांतल्या कुणालाही लावू नका.