नमुना स्तरांमध्ये कसा वाटायचा?

प्रश्न: नागपुरातल्या १००० किराणा दुकानांची सरासरी रोजची विक्री काढायची आहे. नमुना १०० दुकानांचाच परवडतो. लहान, मध्यम, मोठी यांत तो संख्येच्या प्रमाणात वाटू की दुसरं काही?

उत्तर: विक्रीतली तफावत सगळीकडे सारखी असती तर प्रमाणातच वाटा म्हटलं असतं. इथे तशी नसणार.

समजा लहान ६००, मध्यम ३००, मोठी १०० आहेत आणि विक्रीचं प्रमाणित विचलन अनुक्रमे २, ६ आणि ३० हजार रुपये आहे. प्रमाणात वाटलं तर ६०, ३०, १० दुकानं येतात. म्हणजे सगळ्यात जास्त चढउतार जिथे, तिथे जेमतेम दहा!

नेमन वाटपात दुकानांची संख्या गुणिले विचलन करा: १२००, १८००, ३०००. बेरीज ६०००, म्हणून वाटे २०, ३०, ५०. सरासरीची प्रमाण त्रुटी आधी सुमारे ९६४ रुपये होती, ती ५०७ वर येते. खर्च तेवढाच, फक्त प्रत्येक दुकानाला सारखाच खर्च येतो हे गृहीत धरलंय.

मात्र शंभर आकड्यांची सरळ सरासरी काढू नका, मोठ्या दुकानांमुळे ती फुगेल. प्रत्येक स्तराची सरासरी वेगळी काढून तिला ०.६, ०.३, ०.१ हे भार द्या.

विचलन आधी कुठून आणायचं? छोटी चाचणी पाहणी करा. ढोबळ अंदाजही बऱ्यापैकी चालतो. नमुना २५० केलात तर सूत्र मोठी १२५ दुकानं मागेल, आहेत शंभरच. तेव्हा ती सगळी घ्या आणि उरलेली १५० बाकीच्यांत ६० आणि ९० अशी वाटा.