सायफन नळ्या: आधी पातळी मोजा, मग नळ्या लावा

दादा, वाळव्याकडे उसाला सिमेंटच्या पाटातून पाणी देताय, तर सुरुवातीला एकच गोष्ट पक्की करा: पाटातल्या आणि सरीतल्या पाण्याच्या पातळीत फरक किती. नळीचं तोंड सरीच्या पाण्यात बुडालेलं नसेल, तर तोंडाच्या मध्यापर्यंत मोजा. पाणी या फरकावर चालतं. नळी काठावर किती उंच चढली, यावर नाही.

५० मिमी आतल्या व्यासाची नळी १० सेंमी फरकावर सेकंदाला साधारण १.६५ लिटर देते. फरक चौपट केला, तरी पाणी दुप्पटच होतं. पण नळीचा व्यास दुप्पट केला तर चौपट होतं. म्हणून पाणी कमी वाटलं तर आधी व्यास बघा.

समजा, पाटात सेकंदाला १० लिटर येतंय. सहा नळ्या बरोबर बसतात. नवीन माणूस घाईत दहा लावतो. मग पाट उतरतो, फरक चारेक सेंमीवर येतो, वरची तोंडं उघडी पडून हवा ओढतात आणि नळ्या सुटतात. चारच लावल्या तर फरक २३ सेंमीपर्यंत चढू पाहतो आणि पाट काठावरून फुटतो. दारं धरताना पाटाच्या भिंतीवर खडूची खूण करा, पातळी हलली की लगेच कळतं.

नळी पाटात पूर्ण बुडवा, बुडबुडे थांबू द्या. एक तोंड तळहाताने घट्ट दाबून सरीत खाली न्या, मगच हात काढा. दुसरं तोंड पाण्याबाहेर येऊ देऊ नका.