सल्ल्याच्या जागी तलवारीची राणी

"ताई, ऑफिसमधल्या सहकाऱ्याने मला लग्नाचं विचारलंय. मी घरीच टॅरोच्या सात पत्त्यांची हॉर्सशू मांडणी केली. अडथळ्याच्या जागी थ्री ऑफ पेंटॅकल्स आलं, ते तर चांगलं कार्ड ना? आणि सल्ल्याच्या जागी क्वीन ऑफ स्वोर्ड्स. अर्थ शोधला तर वैधव्य, विरह असं दिसलं. तेव्हापासून झोप नाही. नकार देऊन टाकू का?"

सांगलीतल्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात काम करणारी, अठ्ठावीस वर्षांची ही मुलगी. मोबाइलवर मांडणीचा फोटो घेऊन आली होती. फोटोत खाली आणखी तीन पत्ते दिसत होते. "खुलाशासाठी काढले," म्हणाली. ते आधी बाजूला ठेवायला लावले. घाबरून काढलेला पत्ता भीतीच वाढवतो, आणि मूळ सात पत्ते नीट वाचले तर त्याची गरजही पडत नाही.

नालेच्या आकारात पत्ते डावीकडून मांडतात: भूतकाळ, सध्याची स्थिती, न दिसणारी बाजू, अडथळा, भोवतालची माणसं, सल्ला आणि शेवटी परिणाम. अडथळा बरोबर मधोमध, कमानीच्या माथ्यावर येतो. तिच्याकडे दुसऱ्या जागी नाईट ऑफ कप्स होतं. हातात पेला घेऊन संथपणे येणारा स्वार, म्हणजे चालून आलेला प्रस्ताव. तिथे अडण्यासारखं काही नव्हतं.

खरा प्रश्न मधल्या पत्त्याचा. 1909 साली निघालेल्या रायडर-वेट संचात, म्हणजे पामेला कोलमन स्मिथ यांच्या चित्रांत, थ्री ऑफ पेंटॅकल्सवर बाकावर उभा कारागीर दिसतो आणि समोर नकाशा घेऊन आलेले दोघे. मिळून केलेलं उत्तम काम. असं कार्ड अडथळ्याच्या जागी आलं की मी विचारते, ही चांगली गोष्ट कशाच्या आड येतेय? तिला विचारलं, "त्याच्याबद्दल तुला काय काय माहीत आहे?" ती भरभरून बोलली. वसुलीचे आकडे कधी चुकत नाहीत, ऑडिटच्या वेळी रात्री आठपर्यंत थांबतो, चिडलेल्या कर्जदाराशीही आवाज चढवत नाही. मग मी विचारलं, "घरी कसा असतो? पगाराचं काय करतो? लग्नानंतर तुझ्या नोकरीबद्दल त्याचं काय म्हणणं?" ती गप्प झाली. चार वर्षं शेजारच्या टेबलावर बसून तिला सहकारी पुरता कळला होता, आणि त्यामुळेच नवरा म्हणून त्याला काही विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. अडथळा हाच होता.

आता राणी. वैधव्य हा अर्थ कुणी हवेतून आणलेला नाही, ज्यांच्या कल्पनेतून हा संच तयार झाला त्या वेट यांनी स्वतःच तो 1910 च्या आपल्या पुस्तकात दिला आहे. पण जागा बदलली की पत्त्याचं काम बदलतं. परिणामाच्या जागी पत्ता 'काय होईल' सांगतो, सल्ल्याच्या जागी 'तू काय कर' सांगतो. 'विधवा हो' असा सल्ला होऊ शकत नाही. एखादा अर्थ आज्ञा म्हणून वाचता येत नसेल, तर त्या जागी तो लागू नाही, ही माझी नेहमीची कसोटी. मग चित्राकडे बघायचं. राणीची तलवार सरळ उभी आहे आणि दुसरा हात पुढे केलेला आहे. स्पष्ट विचार, आणि समोरच्याला बोलायला जागा दे. अडथळा न विचारण्याचा आणि सल्ला विचारण्याचा, असे दोन्ही पत्ते एकमेकांना जुळले. ते जुळले नसते तर माझंच वाचन चुकलंय असं मी धरलं असतं.

पाचव्या जागी टेन ऑफ पेंटॅकल्स होतं. घर, वाडवडील, मालमत्ता. त्याच्या घरचं काय म्हणणं आहे ते मात्र या पत्त्यावरून मी सांगितलं नाही. दुसऱ्याच्या मनातलं पत्त्यांत शोधायचं नसतं, ते त्यालाच विचारायचं असतं.

आम्ही चार प्रश्न कागदावर लिहिले: नोकरी, दोन्हीकडच्या आईवडिलांची जबाबदारी, त्याच्यावरची कर्जं आणि जामीनकी, आणि नकार दिला तर ऑफिसात कसं वागायचं. हा शेवटचा तिने स्वतःच सुचवला, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटला.

रविवारी आयर्विन पुलाजवळ दोघं भेटली. भडंगाचा पुडा तसाच राहिला, म्हणाली. दोन मावसभावांच्या कर्जांना तो जामीन होता, आणि 'लग्नानंतर आईला घरात मदत लागेल' असं त्याने गृहीत धरलं होतं. नोकरी सोडणार नाही, हे तिने तिथेच सांगितलं. त्याने घरी बोलायला महिनाभर मागितला. शेवटच्या प्रश्नावर तो म्हणाला, "नाही म्हणालीस तर मी दुसऱ्या शाखेत बदली मागेन, तुला मागायला लावणार नाही."

परिणामाच्या जागी टू ऑफ वाँड्स होतं. तटावर उभा राहून दूरवर बघणारा, अजून न निघालेला माणूस. होकार की नकार, हे त्या पत्त्यात नव्हतंच. महिना संपेपर्यंत पुन्हा मांडणी करायची नाही, एवढंच मी तिच्याकडून कबूल करून घेतलं.