बार्जवरचे दिवस ‘सी सर्व्हिस’ नव्हेत

प्रश्न: मी एबी आहे. बल्क आणि टँकर दोन्हीवर काम केलंय, आधी गोव्यात बार्जवरही होतो. जाहिरातीत ऑइल टँकरवर त्याच रँकमध्ये 12 महिने आणि डीसीई मागितलीय. रेझ्युमेत काय लिहू?

बार्ज आधी काढा. बाकीचं नंतर.

हे एवढ्या तडकाफडकी सांगतोय, कारण 2019 साली माझा रेझ्युमे आमच्या भावोजींनी टाइप करून दिला होता. म्हापशात त्यांचं सायबर कॅफे होतं. ‘अनुभव जेवढा जास्त तेवढा बरा,’ हा त्यांचा सिद्धांत. आमोण्याहून खनिज भरून मांडवीतून मुरगावला नेणाऱ्या बार्जवर मी तीन वर्षं होतो. 2012 ला खाणी बंद पडल्या आणि मी बोटीच्या लाइनला लागलो. भावोजींनी ती तीन वर्षं ‘सी सर्व्हिस’खाली सगळ्यात वर टाकली. पण बार्ज हे नदीतलं, अंतर्देशीय जलयान. तिथली नोकरी सीडीसीत चढत नाही, आणि जे सीडीसीत नाही ते मॅनिंगवाल्याच्या लेखी झालेलंच नसतं.

पण खरा घात दुसऱ्याच ओळीने केला. जाहिरात तुमच्यासारखीच होती: एबी, ऑइल टँकर, रँकमध्ये 12 महिने. माझी प्रॉडक्ट टँकरवरची दोन काँट्रॅक्ट्स अशी होती:

ओएस, 5 मार्च 2017 ते 2 फेब्रुवारी 2018: 10 महिने 29 दिवस.
एबी, 10 ऑगस्ट 2018 ते 25 फेब्रुवारी 2019: 6 महिने 16 दिवस.

बेरीज 17 महिने 15 दिवस. भावोजींनी लिहिलं, ‘एबी, टँकर अनुभव 18 महिने.’ मुंबईत मुलाखतीला बसलेल्या कॅप्टनसाहेबांनी काही न बोलता सीडीसी उघडली. साइन ऑन आणि साइन ऑफच्या शिक्क्यांवरून पेन्सिल फिरवत गेले, रेझ्युमेवर 18 ला गोल केला आणि शेजारी 6/16 लिहिलं. मग विचारलं, “बाकीचे कुठे गेले?” मी ओएसचं काँट्रॅक्ट दाखवलं. ते म्हणाले, “हे रँकमध्ये कसं?” पाच मिनिटांत बाहेर. मान खाली घालून रात्रीच्या बसने घरी आलो.

तेव्हा कळलं की जाहिरातीतला रँक आणि जहाजाचा प्रकार या दोन्ही गोष्टी एकाच काँट्रॅक्टच्या ओळीत जुळाव्या लागतात, आणि मुदत अशा ओळींचीच मोजतात. बल्कवर एबी म्हणून काढलेली दोन वर्षं आणि टँकरवर ओएस म्हणून काढलेलं एक वर्ष मिळून ‘टँकर एबी’ होत नाही. म्हणून दर काँट्रॅक्टची वेगळी ओळ करा: जहाजाचं नाव, प्रकार, टनेज, रँक, दोन्ही तारखा, महिने आणि दिवस. नुसतं ‘टँकर’ लिहू नका. ऑइल, केमिकल की गॅस ते लिहा. गॅसचा बेसिक कोर्ससुद्धा वेगळा असतो. तारखा सीडीसी समोर ठेवूनच घाला, आठवणीवर नको.

डीसीईबाबत पुष्कळ जण घोटाळा करतात. इन्स्टिट्यूटने दिलेलं ऑइल-केमिकल टँकर बेसिक कोर्सचं सर्टिफिकेट म्हणजे डीसीई नव्हे. डीसीई सरकारी पृष्ठांकन आहे, ते त्या कोर्सच्या आधारे वेगळा अर्ज करून घ्यावं लागतं. नुसता कोर्स झाला असेल तर तसंच लिहा. सर्टिफिकेट नंबर आणि संपण्याची तारीख द्या, आणि ती तारीख काँट्रॅक्ट संपेपर्यंत पुरतेय का पाहा. पीएसटी आणि फायर फायटिंगच्या रिफ्रेशरला पाच वर्षं होऊन गेलीत का, तेही एकदा बघा. मेडिकल जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं. चार महिने उरलेलं मेडिकल घेऊन नऊ महिन्यांच्या बोटीवर कोण चढवणार?

माझं पुढे काय झालं? महिनाभराने दुसरी जाहिरात आली: टँकरवर 12 महिने, त्यात रँकमध्ये 6. तोच 17 महिने 15 दिवसांचा हिशेब दोन ओळींत सरळ मांडला, बार्ज काढून टाकली, आणि जॉइन झालो.

हां, काही कंपन्या माणूस मिळत नसेल तर महिना-दोन महिने कमी चालवून घेतात. तेव्हा तुमचे 10-11 महिने भरत असतील तर अर्ज करा, फक्त आकडा खरा लिहा. मी डेकवाला, इंजिनवाल्यांना मेन इंजिनचा मेक आणि किलोवॅटही विचारतात, त्यातलं मला सांगता येणार नाही. आणि एजंट पैसे मागू लागला, तर आधी त्याचा आरपीएसएल नंबर मागा.

भावोजींना अजून वाटतं की बार्ज काढल्यामुळे माझी तीन वर्षं वाया गेली. दर भाऊबीजेला हा विषय निघतो. या वर्षी सीडीसी बरोबर घेऊन जाणार आहे.