तिचा होकार खरा आहे, पण करारात तिला नकार देता येतो का?

"ताई, माझं गर्भाशय काढलंय, अंडाशयं शाबूत आहेत. आम्ही राहतो तिथे पैसे देऊन सरोगसी कायदेशीर आहे. एजन्सीने एक बाई सुचवलीय, दोन मुलांची आई, घरावर कर्ज. ती म्हणते मी स्वखुशीने तयार आहे. माझी बहीण म्हणते तू गरिबाची कूस विकत घेतेयस. कोणाचं ऐकू?"

बहिणीची भीती खोटी नाही आणि त्या बाईचा होकारही खोटा नाही. कर्ज फेडायला लोक जीव धोक्यात घालणारी कामं करतात, त्यांना आपण 'तुला कळत नाही' असं म्हणत नाही, मग हिलाच का म्हणायचं? मला काळजी वाटते ती सहीनंतरची, म्हणजे पाचव्या महिन्यात तिला एखाद्या गोष्टीला नाही म्हणावंसं वाटलं तर म्हणता येईल का, आणि ते करारातच कळतं.

आधी बघ, एका वेळी किती भ्रूण सोडणार. चान्स वाढावा म्हणून दोन सोडले आणि दोन्ही रुजले तर जुळं, मग बीपी वाढणं, मुदतीआधी बाळंतपण, सिझेरियन सगळ्याचीच शक्यता वाढते, आणि हे सगळं तिच्या शरीरावर. एकच सोडायचा, बाकीचे फ्रीझ करायचे, असं लिहून घे. सिझेरियन किंवा गर्भपाताचा निर्णय तुमच्या सहीवर ठेवलेला असेल तर ते कलम सरळ काढायला लाव.

मग पैशाचं कलम. समज, मोठी रक्कम बाळ हातात दिल्यावरच मिळणार आहे आणि विसाव्या आठवड्यात पाणी जाऊन गर्भ गेला. तिने कित्येक आठवडे प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं घेतलीत, दुखऱ्या गाठी सोसल्यात, अर्धं गरोदरपण काढलंय, आणि हातात जवळजवळ काहीच नाही. याहून वाईट म्हणजे अशा अटीखाली बाई त्रास लपवते. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, ही बीपी चढल्याची लक्षणं असू शकतात, पण डॉक्टरने गरोदरपण थांबवायला सांगितलं तर पैसे बुडतील म्हणून ती गप्प बसते. म्हणून पैसे दर महिन्याला, गर्भ टिको न टिको, त्या महिन्यापर्यंतचे तिचेच.

विम्याचंही बघ, कारण बाळंतपणानंतरचा त्रास बाळ तुझ्या घरी आल्यावरही राहू शकतो. भारताने २०२१ च्या कायद्याने पैशाची सरोगसी बंदच केली, पण तिथल्या नियमांत सरोगेटला ३६ महिन्यांचा विमा सक्तीचा आहे, तेवढा तरी तू माग.

आणि तिचा वकील तिने निवडलेला हवा, एजन्सीचा नाही, फी तू भर, त्याने करार तिच्या भाषेत, एजंट खोलीत नसताना समजावून सांगायचा. एजन्सी म्हणाली की असं आम्ही करत नाही, तर त्या एजन्सीकडे सही करू नकोस.