८ पीआर म्हणजे आठ थर नव्हेत

मालवाहू गाडीच्या टायरवर लिहिलेलं ८ पीआर, म्हणजे ८ प्लाय रेटिंग, याचा अर्थ टायरमध्ये आठ थर असतात असं नाही, ती ताकदीची श्रेणी आहे; लोड रेंज डी म्हणजेही तेच. टायर नेमकं किती वजन पेलतो, ते त्यावरचा लोड इंडेक्स हा आकडा सांगतो. समजा १०४/१०१ लिहिलंय: सिंगल टायरला ९०० किलो, जोडीत प्रत्येकी ८२५, तेही पूर्ण हवेत. मागे दोनच टायर असतील तर एक्सलवर १८००. त्यात गाडीचं वजनही आलं! रिकाम्या गाडीचे ७०० तिथे पडत असतील तर मालाला उरले ११००. जास्त भरलंत की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जादा वाकते, रबर आतून तापतं, थर सुटू लागतात. शोल्डरजवळ फुगवटा दिसला तर टायर लगेच काढा. आणि १० पीआर घातल्याने एक्सल, पाटे, ब्रेक यांची क्षमता वाढत नाही हो.